रिपोर्ट वाचता आला तर वेबसाइट चांगली

घरातल्या वयस्कर माणसासाठी वेबसाइट निवडताना आपण बहुधा तिचं पहिलं पान पाहतो. अक्षर मोठं आहे, वरच्या कोपऱ्यात लहान-मोठ्या 'अ'ची बटणं आहेत, मराठीचा पर्याय आहे, मग आईला हीच दे, असं ठरून जातं. माझं म्हणणं आहे की पहिल्या पानावरून जवळजवळ काहीच कळत नाही. ते पान गिऱ्हाईक आणण्यासाठी केलेलं असतं आणि सगळ्यांत जास्त हात त्याच्यावरून फिरलेला असतो. वयस्कर माणूस अडतो तो पुढे. जन्मतारीख टाकताना, ओटीपी भरताना, पैसे देताना आणि शेवटी ज्यासाठी हे सगळं केलं तो कागद उघडताना. वेबसाइट पारखायची तर एक खरं काम हातात घ्यावं आणि ते शेवटच्या पायरीपर्यंत करून पाहावं, तेही त्या माणसाच्या फोनवर अक्षर जेवढं मोठं असतं तेवढ्याच मापात.

महापेच्या एका कंपनीत वेबसाइट तपासण्याचंच माझं काम आहे. तरी हे सगळं मला नीट उलगडलं ते घरच्या गरजेतून. माझी मावशी ठाण्यात नौपाड्यात राहते, वय 79. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, दुसऱ्या डोळ्यात पडद्याच्या मध्यभागी वयोमानाने येणारी झीज आहे. मधुमेह असल्यामुळे दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, आणि सकाळी उपाशीपोटी गोखले रोडची गर्दी ओलांडून लॅबमध्ये जाणं तिला आता झेपत नाही. घरी येऊन रक्त नेणाऱ्या दोन लॅब तिच्या भागात होत्या. दोघींना लॅबची गुणवत्ता पारखणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता, दर सारखेच. मग निवडायचं ते वेबसाइटवरून. मावशीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे आणि ते फोन टॉकबॅकवर, म्हणजे अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरवर, ऐकून वापरतात. तीच लॅब त्यांनाही हवी होती. त्यामुळे तेच काम दोन वेगळ्या गरजांच्या माणसांसाठी तपासायला मिळालं.

आधी मावशीच्या डोळ्यांविषयी. वय वाढलं की बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि नैसर्गिक भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे पडद्यापर्यंत प्रकाश कमी पोचतो. चष्म्याचा नंबर अगदी बरोबर असला तरी पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं सगळ्यांत आधी दिसेनाशी होतात. मोतीबिंदू काढल्यावर भिंगाचा पिवळेपणा जातो, पण दुसऱ्या डोळ्यातली मधल्या भागाची झीज राहतेच, म्हणून अक्षर मोठं लागतं. अक्षर मोठं केलं की एका वेळी फोनवर चार-पाच शब्दच मावतात. बोट जिथे आहे तिथून लांब काही घडलं तर ते तिला दिसतच नाही. खालचं बटण दाबलं आणि पानाच्या माथ्यावर 'पिनकोड चुकला' असं लाल अक्षरात आलं, तर मावशीच्या दृष्टीने बटण दाबून काहीच झालेलं नसतं. ती पुन्हा दाबते. पुन्हा काही होत नाही. मग ती म्हणते, "मला नाही जमत हे." घरातले मान हलवतात आणि दोष तिच्या वयावर जातो. खरी चूक असते ती संदेश कुठे दाखवायचा हे ठरवणाऱ्याची.

अक्षर मोठं केल्यावर पान कसं वागतं हे घरबसल्या तपासता येतं. लॅपटॉपवर क्रोममध्ये वेबसाइट उघडावी, खिडकी साधारण 1280 पिक्सेल रुंद असावी, आणि Ctrl दाबून + दाबत 400 टक्क्यांपर्यंत जावं. आता पानाला 320 पिक्सेलची रुंदी मिळते, म्हणजे लहान फोनाएवढी. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या मानकाची अट अशी आहे की या रुंदीत मजकूर वाचायला आडवं सरकावं लागू नये. खाली सरकायला हरकत नाही. ओळ संपवायला उजवीकडे आणि पुढची ओळ धरायला पुन्हा डावीकडे जावं लागलं, तर दोन ओळींनंतर मावशीला आपण कुठे होतो तेच सापडत नाही. त्यानंतर तेच फोनवर पाहावं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीखाली पानाचा झूम वाढवता येतो.

दोन लॅबपैकी देखणी वेबसाइट होती ती इथेच मागे पडली. तिचा वरचा पट्टा, खालची 'आत्ताच बुक करा' ही पट्टी आणि कोपऱ्यातला गप्पांचा गोल, तिन्ही जागेवरून हलत नव्हते. अक्षरासोबत तेही मोठे झाले आणि मजकुरासाठी मधे बोटभर उंचीची फट उरली. शिवाय काही बटणांची उंची पक्की ठरवलेली होती. इंग्रजी अक्षर अशा पेटीत मोठं झालं तरी कसंबसं मावतं. देवनागरीला वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, म्हणून ती आधी कापली जाते. 'बुकिंग'चा उकार आणि 'पूर्वी'चा रफार तिथे गायब होते. इंग्रजीत तपासून मराठीत चढवलेल्या पानांची ही हमखास खूण आहे. झूम केल्यावर 'र्', 'ू', 'ृ' असलेले शब्द शोधून बघावेत, दुसरं काही न पाहता एवढ्यावरूनही बरंच कळतं.

आणखी एक अडचण दिसत नाही, पण पानाच्या कोडमध्ये असते. दोन बोटांनी पान मोठं करता येऊ नये अशी सोय काही जण मुद्दाम करून ठेवतात, म्हणजे मांडणी बिघडत नाही. लॅपटॉपवर Ctrl आणि U दाबून पानाचा कोड उघडला आणि वरच्या भागात अशी ओळ सापडली, तर समजावं की वेबसाइटने आपली मांडणी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा महत्त्वाची मानली आहे:

```html
<meta name="viewport" content="width=device-width, maximum-scale=1, user-scalable=no">
```

आयफोनचा सफारी 2016 पासून ही मनाई मानत नाही. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये अॅक्सेसिबिलिटीखालीच `Force enable zoom` अशी खूण करायला मिळते, ती वयस्कर माणसाच्या फोनवर आधीच करून ठेवावी.

रंगाची पारख यंत्राने होते, पण यंत्राचा आकडा शेवटचा शब्द मानू नये. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मानक एका गुणोत्तराने मोजतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे 21, आणि साध्या मजकुराला निदान 4.5 हवं. पांढऱ्यावर `#767676` हा करडा रंग 4.54 वर जेमतेम पास होतो आणि `#999999` हा 2.85 वर नापास. फॉर्ममध्ये 'इथे मोबाइल नंबर टाका' अशी जी फिकट सूचना असते ती पुष्कळदा या दुसऱ्या जातीची असते. तिच्यात दुहेरी दोष आहे. ती नीट दिसत नाही, आणि लिहायला लागलं की नाहीशी होते, म्हणून अर्ध्यात विसरलं तर या रकान्यात काय हवं होतं ते परत वाचायची सोय उरत नाही. गुणोत्तराला रेषेची जाडी मात्र कळत नाही. बारीक फॉन्टमधला 'द्ध' किंवा 'ष्ट' 4.54 ला पास होऊनही मावशीला वाचता येत नाही. फोनचा उजेड अर्ध्यावर आणून बाल्कनीत दिवसाउजेडी फॉर्म वाचून पाहावा, हे मला आकड्याइतकंच विश्वासाचं वाटतं.

आता मूळ कामाकडे, म्हणजे बुकिंगकडे. देखण्या वेबसाइटवर जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडायचं, चालू महिन्यावर. मागे जायला बाण, एका दाबाला एक महिना. 79 वर्षं मागे जायचं तर 948 दाब होतात. वरच्या सालावर दाबलं की वर्षांची यादी उघडत होती, पण ते साल बटणासारखं दिसत नव्हतं आणि तसं कुठे लिहिलेलंही नव्हतं. दुसऱ्या, साध्या वेबसाइटवर दिवस, महिना, साल असे तीन रकाने होते आणि आकडे थेट टाकता येत होते. कॅलेंडर जवळची तारीख निवडायला ठीक असतं, 'येत्या गुरुवारी या' म्हणायला. जन्मतारखेला ते चुकीचं हत्यार आहे. ज्या वेबसाइटवर हे दिसतं ती साठीच्या पुढच्या माणसाकडून कुणी भरून पाहिलेली नाही, असं मी खुशाल समजतो.

ओटीपीच्या बाबतीत मला दोन्ही बाजू दिसतात. ओटीपीची मुदत सुरक्षेसाठी असते आणि ती असावीच. पण मावशीला मेसेज उघडायचा, सहा आकडे लक्षात ठेवायचे, परत पानावर यायचं, यात वेळ जातो. मुदत संपली तर नवा ओटीपी मागता यावा आणि आधी भरलेलं नाव, पत्ता, वेळ जागच्या जागी राहावं, इतकं पुरेसं आहे. देखणी वेबसाइट ओटीपी हुकला की पहिल्या पानावर नेऊन सोडत होती. साध्या वेबसाइटने सगळं राखून ठेवलं. हे तपासायचं तर एकदा मुद्दाम ओटीपीची वेळ जाऊ द्यावी. सगळं सुरळीत भरून पाहिलं तर हा दोष कधीच दिसत नाही. चुकीचा पिनकोडही असाच एकदा मुद्दाम टाकावा आणि चूक झाल्याचा संदेश त्या रकान्याजवळ येतो का ते बघावं.

काकांची गोष्ट वेगळी आहे आणि इथे डोळस माणसाने जपून निर्णय द्यावा. टॉकबॅक चालू करून आपण चाचपडलो तर दोष आपल्या सवयीचाही असू शकतो. काका उजवीकडे बोट फिरवत एकेक गोष्ट ऐकतात, दोनदा टिचकी मारून ती उघडतात, आणि त्यांचा आवाज ज्या वेगाने चालतो तो मला अर्धाही कळत नाही. तेव्हा 'मला अवघड गेलं' हा निकष नाही. मी तीनच गोष्टी ऐकतो. प्रत्येक बटणाला आणि रकान्याला नाव आहे का, की नुसतं 'बटण', 'बटण' असं ऐकू येतं? बोट एखाद्या ठिकाणी अडकून पुढे जाईनासं होतं का? आणि पडद्यावर काही बदललं तर ते बोलून सांगितलं जातं का? ही तिन्ही माहिती वेबसाइटच्या कोडमध्ये असते किंवा नसते, वापरणाऱ्याच्या कौशल्याशी तिचा संबंध नाही. टॉकबॅक चालू-बंद करायला बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र धरावी लागतात. बंद कसं करायचं ते आधी पाहून ठेवावं, नाही तर पहिल्या मिनिटातच हात टेकावे लागतात. विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो.

दोन्ही वेबसाइटवर या तीन प्रश्नांनी गंमतशीर नव्हे, तर गंभीर फरक दाखवला. साध्या वेबसाइटवर रक्त न्यायला येण्याच्या वेळा अशा दाखवल्या होत्या की निवडलेली वेळ फिकट हिरवी आणि बाकीच्या फिकट करड्या. मावशीला, मोठ्या अक्षरात, ते चाललं, कारण निवडलेल्या वेळेभोवती जाड रेघही होती. काकांना मात्र सगळ्या वेळा सारख्याच ऐकू येत होत्या. 'निवडलं' हा शब्द टॉकबॅक बोलतच नव्हता, कारण निवड फक्त रंगात आणि रेघेत होती, कोडमध्ये नव्हती. सकाळी सातची वेळ नक्की झाली की नऊची, हे त्यांना पैसे भरायच्या पानावर जाऊन कळायचं. मोठ्या अक्षराला पास झालेली वेबसाइट स्क्रीन रीडरला नापास होऊ शकते आणि उलटही. 'ज्येष्ठांसाठी सोयीची' असा एकच शिक्का कुणी मारत असेल तर त्याला विचारावं, कुठल्या ज्येष्ठांसाठी?

मराठी आवाजाचा प्रश्न आपला खास आहे. स्क्रीन रीडर कुठल्या भाषेच्या आवाजात वाचायचं हे ठरवताना पानाच्या कोडच्या अगदी सुरुवातीची खूण पाहतो. मराठी पानावर ती अशी हवी:

```html
<html lang="mr">
```

बऱ्याच मराठी पानांवर तिथे `lang="en"` राहून गेलेलं असतं, कारण इंग्रजी पानाची नक्कल करून मजकूर तेवढा बदललेला असतो. मग त्या माणसाच्या फोनवर किंवा संगणकावर जो आवाज असेल त्याप्रमाणे मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती पडू शकतो आणि त्याचं काही खरं राहत नाही. `lang="hi"` असेल तर हिंदी आवाज वाचतो आणि 'चहा'मधला च आणि 'चमचा'मधला च त्याला एकच. ऐकणारा सवयीने समजून घेतो, पण औषधाच्या सूचना समजून घेत ऐकायच्या नसतात.

याहून जुना आणि चिवट दोष म्हणजे युनिकोडपूर्व फॉन्ट. डोळ्यांना ते पान अस्सल मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथे देवनागरी नसतेच. कृती देव फॉन्टमध्ये टंकलेला 'मराठी' हा शब्द आतून `ejkBh` असा असतो, आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. जुन्या परिपत्रकांत, सोसायट्यांच्या आणि पतसंस्थांच्या पीडीएफमध्ये हे अजून सापडतं. ओळखणं सोपं आहे: एक ओळ निवडून कॉपी करावी आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवावी. मराठी उमटली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला तर ते पान ऐकणाऱ्यासाठी कोरं आहे. आणि ओळ निवडताच आली नाही, तर तो मजकूर नसून फोटो आहे.

हीच कसोटी लॅबच्या रिपोर्टला लावली तेव्हा देखण्या वेबसाइटचा निकाल पक्का झाला. तिचा रिपोर्ट सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेला, म्हणजे फोटो. मर्यादेबाहेर गेलेले आकडे लाल रंगात, बाकी काही खूण नाही. काकांसाठी तो रिकामा कागद. मावशीने मोठा केला तर अक्षरं फुटत होती. साध्या वेबसाइटच्या रिपोर्टमध्ये मजकूर खरा होता, जास्त-कमी आकड्यांपुढे तसा शब्द होता. तरी तिथेही एक अडचण निघाली. तक्त्याची रचना पीडीएफमध्ये नीट बांधलेली नसल्याने टॉकबॅक आधी सगळ्या तपासण्यांची नावं वाचायचा आणि मग सगळे आकडे. क्रिएटिनिनचा आकडा कितवा, हे काकांना मोजून जुळवावं लागत होतं. मी हा दोष मोठा मानतो. रक्ततपासणीत सगळा मुद्दा नाव आणि आकडा यांची जोडी हाच असतो, आणि तिथेच ती तुटली होती.

आता त्या कोपऱ्यातल्या बटणांबद्दल. 'अ+' दाबून अक्षर मोठं होतं, पण फोनवर ती सोय आधीच असते आणि ती सगळ्या पानांना लागू होते. वेबसाइटचं बटण बहुधा त्याच वेबसाइटपुरतं चालतं, आणि पैसे भरायला दुसऱ्या कंपनीच्या पानावर गेलं की ते सुटतं. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे व्हीलचेअरच्या किंवा माणसाच्या चित्राचं एक तरंगतं बटण, जे बसवलं की वेबसाइट सगळ्यांना वापरता येईल असं सांगून विकलं जातं. अशा साधनाने कोणतीही वेबसाइट मानकाला धरून होते हा दावा फसवा ठरवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये अॅक्सेसिबी या कंपनीला 10 लाख डॉलर भरायला लावले. नाव नसलेल्या बटणाला नाव, तुटलेल्या तक्त्याला रचना, हे वरून चिकटवून येत नाही. ते बटण दिसलं म्हणून वेबसाइट वाईट असं मी म्हणत नाही, पण ते पाहून तपासणी थांबवू नये. आपोआप गुण देणाऱ्या साधनांचंही तसंच आहे. रकान्याला नाव आहे की नाही हे ती सांगतात, नाव अर्थाचं आहे का आणि शेवटचा रिपोर्ट वाचता येतो का हे ती सांगू शकत नाहीत.

या सगळ्यावर एक साधा आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रेमापोटी असतो: मुलं, भाचे आहेत ना, ते करून देतील. मावशीचं बुकिंग मी नेरुळहून करू शकतो, करतोही. पण मग तिचा ओटीपी ती मला फोनवर सांगते. एकदा फोनवर ओटीपी सांगायची सवय लागली की पुढचा फोन माझा नसेल तेव्हा ती थांबेल कशावरून? घरच्यांनीच वयस्कर माणसाला ही सवय लावू नये असं मला ठामपणे वाटतं. दुसरं, रिपोर्ट तिचा आहे. साखर वाढली हे आधी भाच्याला कळावं आणि मग त्याने ठरवावं तिला सांगायचं की नाही, हे तिला मान्य नाही आणि नसावंही. तिसरा पर्याय फोनवरून बुकिंगचा. तो चांगला आहे, आणि वेबसाइट तपासताना लॅबचा नंबर पानावर मजकूर म्हणून आहे का, बोट लावलं की लागतो का, तो उचलला जातो का, हेही बघावं. नंबर इंटरनेटवर शोधायला लावू नये, खोट्या ग्राहकसेवा नंबरांना म्हातारी माणसं अशीच सापडतात.

आणखी एक मर्यादा मान्य करायला हवी. लॅबची गुणवत्ता वेबसाइटच्या वर आहे. मान्यता नसलेल्या लॅबची वेबसाइट कितीही सोयीची असली तरी मी मावशीचं रक्त तिथे देणार नाही. दोन्ही बाजू सारख्या असतील तेव्हाच वेबसाइटने पारडं झुकावं.

पण जिथे दुसरी बाजूच नाही तिथे काय? घरपट्टी भरायला एकच वेबसाइट असते, विजेचं बिल एकाच कंपनीचं येतं, पेन्शन एकाच बँकेत. तिथे आपली पारख निवडीसाठी नाही, तक्रारीसाठी कामी येते, आणि तक्रारीला आता कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा द्याव्यात असं सांगणारं त्याचं कलम 46 सरकारी आणि खासगी दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याखालचा, सोयीचे निकष सांगणारा नियम 15(1) रद्द ठरवला. कायदा सक्ती करतो आणि नियमाने तिची शिफारस करून टाकली होती, हे न्यायालयाला मान्य नव्हतं. 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणाचं मूळ ई-केवायसीत होतं, जिथे ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि ज्यांना ती करता येत नाही ते बाहेर राहतात.

हा कायदा दिव्यांग व्यक्तींसाठी आहे. मावशीकडे तसं प्रमाणपत्र नाही, आणि चांगल्या डोळ्याने तिला इतपत दिसतं की ते मिळणारही नाही. पण वेबसाइट प्रत्येकाचं प्रमाणपत्र पाहून वेगळी उघडत नाही. काकांसाठी रकान्याला नाव दिलं, निवडलेली वेळ शब्दात सांगितली, रिपोर्टमध्ये खरा मजकूर ठेवला, की मावशीचीही अर्धी अडचण त्याच कामात सुटते. म्हणून ज्येष्ठांच्या घरच्यांनी हा विषय दिव्यांगांचा म्हणून सोडून देऊ नये. तक्रार करणारे थोडे असल्यामुळेच तो मागे पडतो.

तक्रार मोघम केली तर 'आपला अभिप्राय मिळाला' एवढंच उत्तर येतं. 'वेबसाइट ज्येष्ठांना अवघड आहे' या वाक्यावर कुणी काम करू शकत नाही. पानाचा पत्ता, फोन आणि ब्राउझर, अक्षराचं माप किंवा स्क्रीन रीडरचं नाव, कुठली पायरी, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, असं लिहावं. मी आणि काकांनी मिळून साध्या वेबसाइटच्या लॅबला लिहिलं ते साधारण असं: 'वेळ निवडण्याच्या पानावर, अँड्रॉइड, क्रोम, टॉकबॅक चालू असताना, निवडलेली वेळ निवडली गेल्याचं ऐकू येत नाही, सगळ्या वेळा सारख्याच वाचल्या जातात. रिपोर्टच्या पीडीएफमध्ये तपासणीचं नाव आणि आकडा एकत्र वाचला जात नाही.' खाली काकांनी टॉकबॅकचा आवाज रेकॉर्ड करून जोडला. महापालिकेसारख्या ठिकाणी हेच पत्र लेखी द्यावं, पोच घ्यावी, आणि दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तीच पोच जोडून पाठवावं.

लॅबने वेळांचं पान दुरुस्त केलं. आता काकांना 'सात ते आठ, निवडलं' असं ऐकू येतं. रिपोर्टचा तक्ता अजून तसाच आहे. ते काम वेबसाइट बनवणाऱ्यांचं नाही, रिपोर्ट तयार करणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं आहे, असं उत्तर आलं. तोवर रिपोर्ट आला की लॅबने नाव आणि आकडा ओळीने लिहून साध्या ईमेलमध्येही पाठवावा, अशी काकांनी मागणी केली आहे. मावशीच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर त्या लॅबच्या बुकिंगच्या पानाचा शॉर्टकट ठेवला आहे, म्हणजे तिला जाहिरातींच्या पहिल्या पानावरून जावंच लागत नाही.